‘गट समतुल्य करून घ्यावेत’ या एका शेऱ्यापायी गेलेले सात महिने

माझ्या पीएच.डी.चा संशोधन आराखडा मी जानेवारीत सादर केला आणि तो मान्य झाला ऑगस्टअखेर. मधल्या काळात तो दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा समासात एकच वाक्य होते: ‘प्रायोगिक व नियंत्रित गट समतुल्य करून घ्यावेत.’ म्हणजे नव्या पद्धतीने शिकणारा गट आणि नेहमीप्रमाणे शिकणारा गट सुरुवातीला सारखे असावेत. हा शेरा शाळेत संशोधन करणाऱ्या अनेकांच्या वाट्याला येतो आणि तो निमूटपणे पाळला तर निष्कर्षच चुकू शकतो. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

शाळा भांडुपमधील, अनुदानित, मराठी माध्यमाची. इयत्ता सहावीच्या दोन तुकड्या, ‘अ’मध्ये ४२ मुले आणि ‘ब’मध्ये ३९. कागदाच्या पट्ट्या घडी घालून, त्या एकमेकींवर ठेवून अपूर्णांक शिकवले तर आकलन सुधारते का, हे मला पाहायचे होते. चिठ्ठ्या टाकून मुलांची वाटणी करावी, असे मी सुचवताच मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट नकार दिला. वेळापत्रक, हजेरीपट, पालक, सगळेच तुकडीला बांधलेले असल्यामुळे त्यांचे म्हणणे रास्त होते. पट्ट्यांचे अध्यापन आधी ‘ब’ तुकडीला मिळावे, कारण ती मुले मागे आहेत, एवढीच त्यांची अट होती. परवानगीचे पत्र चार दिवसांत मिळाले.

तुकड्या आहेत तशाच घेऊन दोघींची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घ्यायची, याला असमतुल्य नियंत्रित गट अभिकल्प म्हणतात. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये केलेल्या संशोधन अभिकल्पांच्या मांडणीत तो दहाव्या क्रमांकावर येतो. गट समान नाहीत, हे त्याच्या नावातच मान्य केलेले आहे. तरीही ते समतुल्य ‘करून घ्यावेत’ असा आग्रह होता आणि त्यासाठी आराखडा तपासणाऱ्या समितीने मार्ग सुचवला तो जोड्या लावण्याचा. पूर्वचाचणीत सारखे गुण मिळालेले एक मूल ‘अ’मधून आणि एक ‘ब’मधून घ्यायचे आणि उरलेली मुले विश्लेषणातून वगळायची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी ५० गुणांची पूर्वचाचणी घेतली. ‘अ’ची सरासरी ३२ आली, ‘ब’ची २४. जोड्या लावल्यावर १७ जोड्या मिळाल्या आणि दोन्ही बाजूंची सरासरी २८ आली. कागदावर गट अगदी समतुल्य दिसत होते आणि खरे सांगायचे तर मलाही हायसे वाटले होते.

शंका आली ती एका मुलीमुळे. ‘अ’ तुकडीतील ही मुलगी तापातून उठून चाचणीला बसली होती आणि तिला २६ गुण मिळाले होते. वर्गात मात्र ती फळ्यावरची उदाहरणे इतरांच्या आधी सोडवत असे. जोडीत ती आली होती ती त्या एका वाईट दिवसामुळे. मग लक्षात आले की ३२ सरासरीच्या तुकडीतून २८च्या आसपासची मुले निवडली की त्यांत तो दिवस वाईट गेलेली मुले जास्त येतात; उलट २४ सरासरीच्या तुकडीतून तेवढ्याच गुणांची मुले निवडली की त्यांत अंदाज बरोबर लागलेली, नशिबाने साथ दिलेली मुले जास्त येतात. पुढच्या चाचणीत दोन्ही बाजू आपापल्या तुकडीच्या सरासरीकडे परततात.

हे किती घडेल, याचा हिशेब सोपा आहे. दुसऱ्या एका शाळेतील पथदर्शी चाचणीत, तीच चाचणी पंधरा दिवसांनी पुन्हा घेतल्यावर, सहसंबंध ०.७५ आला होता. म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरापैकी तीन चतुर्थांश टिकते, एक चतुर्थांश विरते. ‘अ’मधील २८ गुणांचे मूल सरासरीच्या ४ गुण खाली आहे, त्यातले ३ टिकतील, म्हणून पुढे २९ अपेक्षित. ‘ब’मधील २८ गुणांचे मूल ४ गुण वर आहे, त्याचे २७ अपेक्षित. कोणी काहीही शिकवले नाही तरी ‘समतुल्य’ गटांत २ गुणांचा फरक उगवतो.

समितीतील एका सदस्यांनी सुचवले की जोड्या नकोत तर सहप्रसरण विश्लेषण करावे, म्हणजे पूर्वचाचणीचे गुण हिशेबात धरून उत्तरचाचणीची तुलना करावी, मूळचा फरक त्यातून निघून जाईल. पण चाचणीतील त्रुटीमुळे तेही कमीच पडते, कारण ८ गुणांच्या मूळ फरकापैकी ते ६ गुणच वजा करते आणि उरलेले २ अध्यापनाच्या खात्यावर मांडते.

तोंडी सांगून कोणाला पटले नाही. म्हणून, पट्ट्यांना अजून हात लावलेला नसताना, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी समांतर प्रश्नांची दुसरी पूर्वचाचणी घेतली. ‘अ’ची सरासरी ३४ झाली, ‘ब’ची २५. त्याच १७ जोड्यांत मात्र ‘अ’ची मुले ३१वर होती आणि ‘ब’ची २८वर. जुलैत शून्य असलेला फरक काहीही न शिकवता ३ झाला होता. हा तक्ता समोर ठेवल्यावर आराखडा त्याच बैठकीत मान्य झाला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: चाचणी सोपी ठेवू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात हुशार मुले पूर्ण गुणांना टेकत होती. अशा वेळी वरच्या तुकडीला वाढायला जागाच उरत नाही आणि मागची तुकडी पुढे सरकल्याचा भास होतो. मी सहा प्रश्न अवघड करून घेतले.

दुसऱ्या पूर्वचाचणीने आणखी एक मोलाची गोष्ट दिली. तुकड्यांतील अंतर सात आठवड्यांत ८वरून ९ झाले होते, म्हणजे ‘अ’ तुकडी स्वतःच्याच वेगाने पुढे जात होती. एकाच पूर्वचाचणीवर हे कधीच दिसले नसते. गणपतीची सुट्टी धरून आठ आठवडे ‘ब’ला पट्ट्यांनी शिकवल्यावर, दिवाळीच्या सुट्टीआधी उत्तरचाचणी झाली, तेव्हा ‘अ’ ३६वर होती आणि ‘ब’ ३०वर. आहे त्याच गतीने अंतर १० व्हायला हवे होते, ते ६ झाले; म्हणून परिणाम सुमारे ४ गुणांचा मी धरला. जोड्यांच्या पद्धतीने यातले ३ गुण गिळले असते आणि अध्यापन जवळपास निष्फळ ठरले असते. उलट ‘अ’ला शिकवले असते, तर तेच ३ गुण फुकट पदरात पडले असते.

दोन्ही तुकड्यांना गणित शिकवणाऱ्या बाई एकच होत्या, त्यामुळे शिक्षक बदलल्याचा प्रश्न आला नाही. पण म्हणूनच मी ‘अ’च्या तासांनाही मागच्या बाकावर बसत असे. एका तासाला बाईंनी सवयीने पट्ट्या तिथेही काढल्या. तो तास मी नोंदवहीत लिहिला आणि प्रबंधातही दिला. ज्यांना असे करायचे आहे त्यांनी नियंत्रित गटाचे तास न चुकता पाहावेत आणि पावसामुळे गैरहजर राहिलेल्या मुलांची नोंद तुकडीनिहाय ठेवावी.

हे ४ गुण मी ठामपणे पट्ट्यांचे म्हणत नाही. ८१ मुले असली तरी तुकड्या दोनच आहेत, आणि त्या आठ आठवड्यांत एकाच तुकडीत दुसरे काही घडले असेल तर ते या अभिकल्पातून वेगळे काढता येत नाही. म्हणून दुसऱ्या सत्रात पट्ट्या ‘अ’ला दिल्या आणि ‘ब’ला नेहमीचे अध्यापन सुरू ठेवले. फेब्रुवारीतील चाचणीत ‘अ’ ४१वर गेली, ‘ब’ ३१वर. ६वर आलेले अंतर पुन्हा १० झाले होते.