बाल्कनीची वरची सळई : साइटवरच्या 45 दिवसांची रोजनिशी

24 जून, रात्र

उद्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब. कॉलेजच्या प्रशिक्षणासाठी इथे नाशिकमध्ये साइटवर रुजू होऊन पंधरा दिवस झाले. इतके दिवस काम सळया मोजण्याचंच होतं. ड्रॉइंग घ्यायचं, टेप घ्यायची, फिटरनी बांधलेली जाळी मोजायची आणि तक्त्यात खूण करायची. आज दुपारी चारपर्यंत सगळा स्लॅब मोजून झाला. खोल्यांचं स्टील, बीमच्या रिंगा, जिन्याचं लॅपिंग, सगळं जुळलं. तीनही बाल्कन्यांमध्ये 8 मिमीच्या सळया 150 मिमीवर होत्या. बाहेर जितकी लांबी आहे त्याहून जास्त आत खोलीत नेल्या होत्या. तेही बरोबर.

तक्त्यात बाल्कनीच्या ओळीत शेवटचा रकाना होता, 'वरचं कव्हर', म्हणजे सळईच्या वर किती काँक्रीट राहतं ते. ड्रॉइंगमध्ये 20 मिमी लिहिलंय. मी खूण केली. मोजलं मात्र नव्हतं. सळया वर होत्या, चेअरवर, म्हणजे त्यांना उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळईच्या तुकड्यांवर, टेकलेल्या दिसत होत्या, तेवढ्यावर खूण केली. उद्या सकाळी साडेसातला पंप लागणार.

25 जून

आजचं सगळं लिहून काढते, कारण कॉलेजच्या अहवालात हे चार ओळींत बसणार नाही.

सकाळी साडेसातला काँक्रीट सुरू झालं, एम-25. पहिली बाल्कनी सव्वाआठला भरली. मी खाली ट्रान्झिट मिक्सरची चलनं घेत होते आणि काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब भरत होते. तीन थर, प्रत्येक थराला 35 ठोके. वर गेले तेव्हा पावणेअकरा वाजले होते आणि तिसरी बाल्कनी नुकतीच भरून झाली होती. मिस्त्री पट्टी ओढत होता, वरून सगळं सपाट आणि छान दिसत होतं.

साइटवर माझं काम बघणाऱ्या सरांनी खिशातून सायकलच्या चाकाची एक तार काढली. टोकापासून 20 मिमीवर तिला नेलपॉलिशची लाल खूण होती. म्हणाले, "घे, टोचून बघ." मी बाल्कनीच्या मधोमध तार घातली. लाल खूण आत गेली, तरी सळई लागली नाही. आणखी दाबली तेव्हा टक् करून अडली. बाहेर काढून ओली लांबी टेपवर धरली, 52 मिमी. खडीला अडली असेल म्हणून वीतभर बाजूला पुन्हा घातली, 50. आणखी एकदा, 52. खडीला अडलेली तार थोडी सरकते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा देते. सळईला लागली की घट्ट थांबते आणि सळईच्या रेषेत कुठेही टोचा, आकडा जवळपास तोच येतो. हा फरक हातालाच कळतो.

सळई 20 ऐवजी 52 मिमी खोल गेली होती. का, ते पाच मिनिटांत कळलं. तीन मीटर लांब बाल्कनीला दोनच चेअर होत्या, दोन टोकांना. मधल्या भागावरून पंपाचा पाइप ओढला होता आणि चार माणसं सकाळपासून तिथेच उभी होती. 8 मिमीची सळई पायाखाली सहज वाकते. काल मी बघितली तेव्हा तिच्यावर कुणी उभं नव्हतं.

मुकादम म्हणाले, "ताई, स्टील तर आत आहे ना? गेलं कुठे?" प्रश्न साधा होता आणि मला त्याचं उत्तर तोंडपाठ यायला हवं होतं. खोलीचा स्लॅब दोन्हीकडे बीमवर टेकलेला असतो, तो मध्ये खाली झुकतो, म्हणून ताण खालच्या बाजूला येतो आणि स्टील खाली घालतात. बाल्कनी एकाच बाजूला धरलेली असते. तिचं टोक खाली जाऊ पाहतं तेव्हा भिंतीजवळचा वरचा भाग ताणला जातो. काँक्रीट दाब सोसतं, ताण फारसा नाही. तो ताण घ्यायला वरची सळई असते, आणि ती जितकी खाली जाईल तितकी बाल्कनी धरून ठेवायची तिची ताकद कमी. स्टील तेवढंच राहतं, पण त्याचा उपयोग कमी होतो.

सरांनी तिथेच सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर मला गणित करायला लावलं. बाल्कनी 1.2 मीटर बाहेर, जाडी 125 मिमी. स्वतःचं वजन, फरशी, माणसांसाठी चौरस मीटरला 3 किलोन्यूटन आणि टोकाला कठडा धरला. सुरक्षिततेसाठी दीडपट करून भिंतीजवळ बाल्कनीला वाकवणारा जोर मीटरमागे साडेनऊ किलोन्यूटन-मीटर येतो. सळई ड्रॉइंगप्रमाणे असती तर स्लॅब 13.7 घेऊ शकला असता. सळईवर 52 मिमी काँक्रीट असताना तो 9 घेतो. म्हणजे हवं त्यापेक्षा कमी. मी दोनदा केलं, उत्तर तेच आलं.

काँक्रीट अजून मऊ होतं. सरांनी पंप थांबवला. मुकादमांची आधी तयारी नव्हती, कारण मिक्सर खाली उभा होता आणि थांबला की काँक्रीटची मुदत संपत जाते. तरीही त्यांनीच पहिलं फावडं उचललं, हे लिहायलाच हवं. मधल्या दोन मीटरचं काँक्रीट घमेल्यांनी उपसलं. फिटरने उरलेल्या तुकड्यांच्या चार चेअर वाकवल्या. उंची कशी काढायची तेही आज शिकले. शटरिंगपासून वरपर्यंत 125, त्यातून वरचं कव्हर 20, मुख्य सळई 8 आणि तिच्याखालची आडवी सळई 8 वजा केली की 89 उरतात. चेअर 20 मिमीच्या कव्हर ब्लॉकवर उभी राहणार, म्हणून ती 69 ची. सळया चावीने वर उचलल्या, चेअर 600 मिमीवर लावल्या, पुन्हा काँक्रीट भरलं, ते दाबून बसवायला व्हायब्रेटरची नीडल फिरवली. चालायला फळ्या टाकल्या, त्या स्टीलवर न टेकता बाजूच्या शटरिंगवर. तार टोचली, 21, 20, 23.

मग पहिल्या बाल्कनीकडे धावले. साडेअकरा वाजले होते. तिथे तार आत जाईना. सव्वातीन तास झाले होते. मधल्या बाल्कनीचं काँक्रीट अजून आलं नव्हतं, तिथे चेअर वाढवल्या. पण पहिली हातातून गेली होती. काल चार वाजता टेप त्या रकान्यासाठी उघडली असती तर कमी चेअर तेव्हाच दिसल्या असत्या. माझ्याच अक्षरातली ती खूण दिवसभर डोळ्यांसमोर होती.

संध्याकाळी मी सरांना सांगितलं की काल ते कव्हर मोजलं नव्हतं. ते ओरडले नाहीत. तक्ता मागवला, माझ्या खुणेवर काट मारली, वेळ लिहिली आणि माझी सही घेतली. "पहिल्या बाल्कनीखालचे टेकू कुणी हलवायचे नाहीत," एवढं मुकादमांना बजावलं.

4 जुलै

मधल्या दिवसांत नवीन काही नाही. प्लास्टरची मोजमापं घेतली, स्लॅबवर पाण्याचे वाफे बांधले, पावसाने ते बऱ्याचदा आपसूक भरले. सात दिवसांच्या क्यूबचा निकाल चांगला आला. पण क्यूब काँक्रीटबद्दल सांगतो, सळई कुठे आहे ते सांगत नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात आधी एकत्रच होत्या.

आज कव्हर मीटर भाड्याने आणला. बाल्कनीवर तो हळू सरकवायचा, सळईवर आला की ती किती खोल आहे तो आकडा दाखवतो. पहिल्या बाल्कनीत टोकांना 22, 24, मध्ये 33 ते 38. सर्वांत वाईट आकडा धरून गणित केलं, 11.1 आलं. लागतात साडेनऊ. म्हणजे पुरतं, पण ड्रॉइंगमध्ये जी जागा राखलेली होती तिचा बराच भाग खर्ची पडला.

स्ट्रक्चरल कन्सल्टंटना हे आकडे पाठवले. त्यांनी बाल्कनी ठेवायला मान्यता दिली, पण लेखी अट घातली की तिथे विटांचा कठडा बांधायचा नाही, फक्त लोखंडी रेलिंग, आणि 28 दिवसांआधी खालचे टेकू काढायचे नाहीत. विटांचा कठडा टोकाला येतो आणि टोकावरचं वजन भिंतीजवळ सर्वांत जास्त भारी पडतं. म्हणून अट नेमकी तीच घातली, हे मला गणितामुळे कळलं.

23 जुलै

आज टेकू निघाले. बाल्कनीचे टेकू टोकाकडून काढत भिंतीकडे यायचं. उलट केलं, भिंतीजवळचे आधी काढले, तर टोक टेकूवर आणि भिंत बीमवर अशी ती मध्ये झुकते आणि खाली स्टील नसताना खालून ताण घ्यायला लागते. मुकादमांना हे माझ्याआधीच माहीत होतं, कुठल्याही पुस्तकाशिवाय.

आधी ऑटो लेव्हलने टोकाची पातळी घेतली होती. टेकू काढल्यावर पुन्हा घेतली. पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही बाल्कन्यांचा आकडा जसाच्या तसा. मुकादम म्हणाले, "बघा ताई, काही झालं का?" मला हायसं वाटलं आणि तसं मी बोललेही.

सरांनी मग पुन्हा गणिताची वही काढायला लावली. बाल्कनी आत्ता फक्त स्वतःचं वजन तोलतेय, सव्वादोन किलोन्यूटन-मीटर. काँक्रीटला तडा जायला साधारण नऊ लागतात. म्हणजे आज वरची सळई जवळपास कामच करत नाहीये, बिनतड्याचं काँक्रीटच ताण घेतंय. सळई 20 वर असो की 52 वर, आज आकडा सारखाच आला असता. फरक पडेल तो फरशी आणि रेलिंग बसल्यावर, आकसून किंवा वजनाने भिंतीजवळ वरून पहिला तडा गेल्यावर. आणि तो तडा फरशीखाली असणार, म्हणजे दिसणारही नाही. दिसलंच तर भिंत आणि बाल्कनीच्या सांध्यात खाली ओल येईल, किंवा फरशीचा सांधा भिंतीला समांतर उघडेल.

उद्या शेवटचा दिवस. अहवालाच्या छापील नमुन्यात 'केलेली कामे' असा एक रकाना आहे, दोन ओळींचा. त्यात बसत नाही म्हणून मी तिन्ही बाल्कन्यांचा तक्ता, काट मारलेल्या खुणेसकट, झेरॉक्स काढून मागे जोडलाय. तिसऱ्या मजल्यासाठी प्रत्येक बाल्कनीला सहा अशा अठरा चेअर फिटरकडून करून घेतल्या, 69 मिमीच्या. आज सकाळी त्या टेपवर एकेक मोजल्या. दोन 60 च्या निघाल्या, त्या परत वाकवायला दिल्या.