आमची वाटचाल : ताडपत्रीच्या दुकानापासून टेपच्या मशीनपर्यंत

नव्वदच्या सुमारास वडिलांनी पुण्यात ताडपत्र्या आणि गाड्यांची कव्हरं शिवायचं दुकान टाकलं. रेनकोट हे मे-जूनपुरतं जोडकाम. तेव्हा रेनकोट म्हणजे पीव्हीसीचा, जाड आणि आत घामाने भिजवणारा. पण त्याचा एक मोठा गुण होता: त्याचे सांधे वेल्डिंग मशीनवर वितळवून जोडता यायचे, सुई लागायची नाही. सुईचं भोक नाही तिथे गळतीही नाही. दोन-चार पावसाळ्यांनी तो कडक व्हायचा, घडीवर चिरायचा आणि लोक नवा घ्यायचे. तक्रार कुणी करत नसे.

पुढे नायलॉन आणि पॉलिस्टरचे पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या कोटिंगवाले कोट आले, आणि आमच्या धंद्याचं गणितच बदललं. हे कापड शिवावं लागतं, म्हणजे प्रत्येक शिलाई ही भोकांची रांग. ती आतून टेप लावून बंद करायची. टेपच्या मशीनमध्ये नळीतून काहीशे अंश तापलेली हवा टेपच्या गोंदावर येते आणि लगेच दोन रोलर टेप कापडावर दाबतात. हवेचं तापमान, रोलरचा दाब आणि कापड सरकायचा वेग या तिघांचा मेळ बसला तरच टेप धरते. वेग जास्त झाला तर गोंद वितळत नाही, कमी झाला तर कोटिंग करपतं. दुकानात आतापर्यंत शिलाईवाल्याला मान होता, तो हळूहळू टेपवाल्याकडे गेला.

ट्रेकर मंडळी त्यांची महागडी जॅकेटं दुरुस्तीला आणू लागली, तेव्हा लॅमिनेटशी गाठ पडली. कोटिंगमध्ये पातळ पीयू थेट कापडावर पातीने पसरवून वाळवतात. लॅमिनेटमध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा वेगळा तयार होतो आणि मग गोंदाच्या बारीक ठिपक्यांनी कापडाला चिकटवला जातो. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनचा पदार्थ झटक्यात ताणून सच्छिद्र केला, त्यातून गोर-टेक्स हा पडदा आला आणि १९७६-७७ पासून त्याची जॅकेटं बाजारात आली. आता पीयूचेही पडदे असतात. तुमचा कोट कोणता, हे बहुतेक वेळा आतून पाहिलं की कळतं. आत बारीक विणीची जाळी घट्ट चिकटलेली असेल तर ते तीन थरांचं लॅमिनेट. नुसता गुळगुळीत, किंचित रबरी पृष्ठभाग आणि त्याखाली कापडाची वीण दिसत असेल तर बहुधा कोटिंग. सुटं अस्तर असेल तर मात्र लेबल वाचा, नाहीतर एखाद्या कोपऱ्यात अस्तर उसवून बघावं लागतं.

दुरुस्तीला येणाऱ्यांचं वाक्य एकच असतं, 'टेप निघाली, परत चिकटवून द्या.' आम्ही आधी सुटलेली टेप उलटून तिची पाठ बघतो. तिथे नुसता गोंद असेल, स्वच्छ किंवा थोडा पिवळट, तर गोंदाने दगा दिलाय आणि नवी टेप बसते. पाठीवर पापुद्रे दिसले, साबणाच्या वड्या किसल्यासारखे पांढरट, तर टेप शाबूत आहे आणि कोटिंगच कापड सोडून आलंय. त्यावर जगातली कोणतीही टेप लावा, ती कापडाला नाही, मरत आलेल्या कोटिंगलाच चिकटणार.

एका गृहस्थांचा किस्सा सांगतो. त्यांनी एकदम दोन कोट आणले. पहिला स्कूटरवर घालायचा कोटिंगवाला, वर्षभर डिकीत राहिलेला. बॅग उघडताच आंबूस वास आला. आतून अंगठा फिरवला तर चिकटला आणि काखेतल्या टेपवर पापुद्रे. पीयूचे काही प्रकार दमटपणा आणि उष्णता एकत्र मिळाली की पाण्याच्याच क्रियेने आतून तुटत जातात. पावसाळ्यात ओला कोंबलेला कोट आणि मग उन्हाळ्यात तापलेली डिकी, याहून चोख व्यवस्था दुसरी नाही. कोट फारसा वापरला नव्हता, असं ते म्हणत होते, आणि ते खरंही असेल. हे कोटिंग न वापरताही मरतं. तो कोट मी परत दिला, पैसे घेतले नाहीत.

दुसरं तीन थरांचं जॅकेट. मानेपाशी वीतभर टेप सुटलेली, पाठीवर पिवळट गोंद, पापुद्रा एकही नाही. मानेचं तेल आणि घाम वर्षानुवर्षं गोंदात मुरला होता. आधी जॅकेट पातळ साबणाने धुऊन पूर्ण वाळवलं. जुना गोंद काढला, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. मग वरून जाळी असलेली, जाड गोंदाची टेप घेतली. इथे साधी पारदर्शक टेप चालत नाही, कारण गोंद जाळीतून झिरपून खाली पडद्यापर्यंत पोचायला हवा. टेपचं टोक गोल कापलं, चौकोनी कोपरा आधी उचलतो. दुसऱ्या दिवशी जॅकेट उलटं करून शिलाईच्या खळग्यात पाणी ओतून ठेवलं आणि खाली कोरडा टिश्यू. टिश्यू कोरडाच निघाला. जिथे चार शिलाया एकत्र येतात तिथे ही चाचणी हटकून करावी. त्या उंचवट्याशेजारच्या खोलगट भागात रोलरचा दाब पोचत नाही, आणि सुटायची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

लॅमिनेटवर कधी फुगेही येतात. तिथे पडदा आणि कापड यांच्यातले गोंदाचे ठिपके सुटलेले असतात. ते आम्ही घेत नाही. इस्त्रीने दाबून फुगा बसतो, पण पहिल्या धुण्यात परत येतो.

आता निगा. कोटिंगवाल्याचं पथ्य साधं, पण कडक. गार किंवा कोमट पाण्यात हाताने, थोड्या पातळ साबणाने धुवा, पिळू नका, आतली बाजू आधी सावलीत वाळवा आणि हँगरवर टांगून ठेवा. आतून इस्त्री कधीही नको. लॅमिनेटच्या बाबतीत लोक उलट वागतात, खराब होईल म्हणून धूतच नाहीत. घामाचं तेल साचणं हेच त्याला जास्त बाधतं. लेबलची मुभा असेल तर चाळीस अंशांत मशीनच्या हलक्या फेरीत धुवा, साबण पातळ घ्या, सॉफ्टनर अजिबात नको, दोनदा खळबळा. वाळल्यावर वरून सुती कापड ठेवून मंद, बिनवाफेची इस्त्री फिरवा. बाहेरच्या कापडावरचं पाणी घरंगळवणारं लेपन त्या उष्णतेने जागं होतं. तरीही थेंब घरंगळायच्या ऐवजी कापडात पसरत असतील तर लेपनाचा फवारा नव्याने मारावा लागतो.

गिऱ्हाईक विचारतं, एवढे पैसे लॅमिनेटला घालू का? कोकणातल्या जुलैत ते फारसं 'श्वास' घेत नाही. आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा त्या मानाने कोरडी लागते. रोज स्कूटरवर अर्धा तास जाणाऱ्याला मी चांगला कोटिंगवाला कोट आणि घरात एक खुंटी असंच सांगतो. पाठीवर ओझं घेऊन दिवसभर डोंगरात चालणाऱ्याने, आणि जो खरोखर धुणार आहे त्याने लॅमिनेट घ्यावं.

आम्ही शिवतो त्या प्रत्येक कोटाच्या आतल्या खिशात आता कापडाचा आणि टेपचा प्रकार लिहिलेली पट्टी असते, म्हणजे पाच वर्षांनी कुणाही कारागिराला जुळणारी टेप शोधता येईल. दुरुस्तीची कामं आम्ही मार्चपासून मेअखेरपर्यंतच घेतो. जूनमध्ये हवा दमट झाली की जॅकेट धुऊन नीट वाळत नाही, आणि ओलसर कापडावर टेप लावायची नाही हा दुकानाचा नियम आहे.