कोलेस्टेरॉलची गोळी, दुखणाऱ्या मांड्या आणि भलतीच तपासणी

साखर आधीपासूनच होती, त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८ आलं, म्हणून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमची गोळी रात्री जेवणानंतर सुरू झाली. गोळी द्यायलाच हवी होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राग आहे तो नंतरच्या प्रकाराचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

महिनाभरानं मांड्या धरायला लागल्या. दोन्ही एकदम, सारख्याच. पावसाळा आहे, वडगावच्या घरात ओल आहे, म्हणून आधी तेल लावलं. मग खाली बसून भाजी निवडली की उठताना हात टेकावा लागायला लागला. पुढे आंबाडा घालताना हात डोक्यावर टिकेनात, दोनदा खाली घेऊन परत वर न्यायचे. दुखणं सांध्यात नव्हतं, मांसात होतं आणि धडाजवळच्या मोठ्या स्नायूंत होतं: मांड्या, खुबे, दंड, खांदे. बोटं, मनगटं ठीक होती. या गोळीचा त्रास बहुतेक असाच येतो, दोन्ही बाजूंना सारखा, आणि गोळी सुरू केल्यापासून किंवा तिची मात्रा वाढवल्यापासून साधारण चार ते बारा आठवड्यांत. एकाच गुडघ्यात किंवा एकाच खांद्यात दुखत असेल तर कारण सहसा दुसरं असतं. हे मला नंतर कळलं, पण ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांनी विचारलंच नाही.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात हाडांच्या विभागात गेले. केसपेपरवर ‘सध्या चालू औषधे’ असा एक रकाना छापलेला असतो. माझा कोरा होता. मी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली, तर, “ते राहू दे काकू, आधी गुडघ्याचा एक्सरे काढून या.” गुडघ्यात गॅप कमी झालाय म्हणाले. या वयात कुणाचा कमी होत नाही? कमरेत दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि कॅल्शियम लिहून दिलं. “गोळीमुळं असेल का?” असं विचारलं तर, “असं काय नसतंय, त्या गोळ्या सगळेच घेतात की.”

शेवटी गल्लीतले जुने एमबीबीएस डॉक्टर कामाला आले. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, हाताची घडी घालायला लावली आणि म्हणाले, “आता हात न लावता उठा.” उठता आलं नाही. त्यांनी सीपीके, टीएसएच आणि क्रिएटिनिन लिहून दिलं. स्नायूंना इजा झाली की त्यांच्यातून जे द्रव्य रक्तात येतं ते सीपीके. थायरॉइड मंदावलं तरी स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं, म्हणून टीएसएच. क्रिएटिनिन मूत्रपिंडासाठी.

इथून घोळ सुरू झाला. त्याच मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलानं कॉम्प्युटरमध्ये ‘सीपीके-एमबी’ टाकलं. मी पावती वाचून म्हटलं, चिठ्ठीवर एमबी नाही. “सेमच असतंय काकी.” पैसे भरले, रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट न्यायला परत आले. सीपीके-एमबी नॉर्मल. हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते खूश, “हार्ट चांगलं आहे तुमचं!” हार्टबद्दल कोण विचारत होतं? एमबी हा त्याच द्रव्याचा मुख्यतः हृदयाशी जोडलेला भाग. मांड्यांचं काय चाललंय हे बघायला एकूण सीपीकेच लागतं. काउंटरवर परत गेले तर नवीन बिल फाडा म्हणाले. चूक त्यांची, पैसे माझे. वरच्या माणसाची सही आणा, तो जेवायला गेलाय, तो आला तर सिस्टीम बंद. आमच्या ह्यांनी आवाज चढवला तेव्हा सिस्टीम चालू झाली, एवढंच सांगते. तपासणीला जाल तर पावतीवर ‘एकूण सीपीके’ असं आलंय का ते पैसे भरायच्या आधी बघा.

एकूण सीपीके ११८० आलं, आणि त्या लॅबची बायकांसाठीची मर्यादा १७० होती. टीएसएच आणि क्रिएटिनिन ठीक होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, “सुई कधी घेतली होती?” कमरेतल्या इंजेक्शननंही सीपीके थोडं वाढतं, जड कामानंही वाढतं, त्यामुळे तपासणीआधी दोन-तीन दिवस दोन्ही टाळलेलं बरं. पण एवढं वाढणं नुसत्या सुईनं होत नाही म्हणाले. मग केसपेपरच्या पाठीवर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि माझ्याकडून तारखा काढून घेतल्या. गोळी कधी, दुखणं कधी, मध्ये दुसरं काय घेतलं?

मध्ये गजकर्णाच्या कॅप्सूल होत्या. पावसाळ्यात कमरेला गजकर्ण झालं होतं आणि त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोल दिलं होतं, ते अजून चालूच होतं. रेघेवर ते दुखणं सुरू व्हायच्या जरासं आधी येऊन बसलं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यकृतात ज्या एन्झाइमनं मोडलं जातं, त्यालाच इट्राकोनाझोल अडवतं. त्यामुळे रक्तात गोळीचं प्रमाण तिपटीच्या आसपास जाऊ शकतं. म्हणूनच ही दोन औषधं बरोबर द्यायचीच असतील तर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. मी ४० घेत होते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही असंच करतं.

गोळी त्याच रात्रीपासून बंद झाली. पाणी भरपूर प्या, आणि लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी काळपट झाली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा, असं बजावलं. स्नायू फार मोडले की त्यातलं एक दुसरं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. सुदैवानं तसं झालं नाही. आठवड्यानं सीपीके ३९० वर आलं, नंतर मर्यादेत. मांड्या साधारण पंधरवड्यात मोकळ्या झाल्या, हात टेकणं थोडं उशिरा सुटलं.

डॉक्टर तरीही “शंभर टक्के गोळीच” म्हणाले नाहीत, आणि ते मला पटलं. ब्रिटनमध्ये २०२० साली एका प्रयोगात, त्रासामुळे ही गोळी सोडलेल्या ६० जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं. गोळीवर झालेल्या त्रासाच्या जवळपास ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. म्हणजे नुसतं दुखतंय म्हणून गोळी दोषी ठरत नाही. माझ्या बाबतीत सीपीके वाढलं होतं, तारखा जुळत होत्या, दुसरं औषध सापडलं आणि गोळी थांबवल्यावर उतार पडला, म्हणून त्यांनी ‘बहुधा गोळीमुळे’ असं लिहिलं.

आणि एक, तुमच्या घरात कुणाला झटका येऊन गेला असेल किंवा स्टेंट असेल, तर माझं वाचून गोळी मनानं सोडू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

गजकर्णाच्या कॅप्सूल संपल्यावर मध्ये काही आठवडे सोडून मला रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम सुरू केलं, कारण ते त्या एन्झाइमवर फारसं अवलंबून नाही. महिन्यानं सीपीके पुन्हा केलं, नॉर्मल. एलडीएल ९६. औषधांच्या त्रासाची नोंद रुग्णालाही स्वतः करता येते, त्यासाठी सरकारचा १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे. मी नोंद केली. लॅबच्या जादा बिलाचे पैसे मात्र अजून परत आलेले नाहीत.