साजावरचा मासा आणि सत्तावीस ठिपके

“मोबाईलवर फोटो आरशासारखा लख्ख दिसतोय, आणि टाकला की पार धुरकट. असं का होतंय?”

फोटो टाकताना ॲप त्याची नवी प्रत बनवतं. आधी ती लहान करतं, मग दाबतं. मूळ फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, लोक बघतात ती ही प्रत.

कोल्हापूरच्या गुजरीत दागिन्यांचं दुकान असलेल्या एका काकांसाठी मी कोल्हापुरी साजाचा फोटो काढला होता. ४००० बाय ३००० पिक्सेल. त्यात मासा कोरलेलं पान १०० पिक्सेल रुंद होतं, खवला न् खवला दिसत होता. घाईत मी तो व्हॉट्सॲपवर साधाच पाठवला. तिथं लांब बाजू १६०० वर आली आणि पान ४० पिक्सेलचं झालं. काकांनी तोच इन्स्टाग्रामला टाकला. तिथं पोस्टची रुंदी १०८० वर येते, म्हणजे पान उरलं २७ पिक्सेल. एवढ्यात माशाचे खवले मावणार कसे?

हे झालं लहान करणं. दाबताना जेपेग पद्धत फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक फरक ढोबळ करून टाकते. मोकळ्या भिंतीला त्यानं फारसं काही होत नाही. जवमणी, जरीचे काठ, केस यांना मात्र मार बसतो. रंगाचं आणखी वेगळं. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून बहुतेक वेळा चार पिक्सेलना मिळून एकच रंग ठेवतात. माणकाच्या पानडीचा लाल रंग शेजारच्या सोन्यात उतरल्यासारखा दिसत होता, तो यामुळंच. आणि आमचा फोटो तर दोनदा दाबला गेला होता. एकदा गेलेला बारकावा कुठल्याही सेटिंगनं परत येत नाही.

आपल्या हातात आलेला फोटो मूळ आहे का, हे त्याच्या तपशिलात बघा. ४००० च्या जागी १६०० दिसलं, किंवा चार-पाच एमबीचे दोन-तीनशे केबी झालेले दिसले, की तो वाटेत दाबला गेलाय. तो पुढं टाकू नका, मूळ मागवा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते. एचडी पर्याय बरा, पण तोही दाबतोच. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये `Media quality` खाली `Upload at highest quality` चालू करा. तरी १०८० ची मर्यादा राहतेच, म्हणून मला चौकट आवळणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

काकांच्या फोटोला मी तेच केलं. मूळ फाइलमधून मधल्या पानांभोवतीचा १३५० पिक्सेल रुंदीचा तुकडा कापला, स्वतःच १०८० वर आणला आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला. या वेळी पान ८० पिक्सेलचं राहिलं. दुकानात बसून काकांनी पोस्ट उघडली आणि बोटानं माशाचे खवले मोजायला लागले.