आतली मूठ, बाहेरची मूठ

मे महिन्यातली दुपार. कूलरचं पाणी संपलेलं, बायको अकोल्याला माहेरी गेलेली आणि नेमका स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक काट्याचा सेल गेलेला. मला साखर निघाल्यापासून भात मोजून खायचा असतो, म्हणून मी खण उपसत बसलो होतो. आई पलंगावरून बघत होती. म्हणाली, "काहून रे, काय शोधून राहिला मघापासून? हात आहे ना तुझ्याजवळ?"

हात होता. पण या हातानंच मला एकदा फसवलंय.

साखर निघाली तेव्हा आहाराचं सांगणाऱ्या ताईंनी सोपं करून सांगितलं होतं, की जेवणाला एक मूठ भात. मी घरी आलो, स्वतःची मूठ वळली, तिच्याएवढे तांदूळ वाटीत घेतले आणि कुकर लावला. झाकण उघडलं तर गंज काठोकाठ! आता मोजून लावलाय म्हटल्यावर संपवायलाच हवा. आठ दिवस मी इमानदारीनं ढेकर देत पथ्य पाळलं. जेवणानंतरची साखर तपासली, तर आधीपेक्षा वर. ताईंनी विचारलं, "मूठ कशाची घेता? तांदळाची की भाताची?"

खरं तर मूठ म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात गोळाभात व्हायचा, तेव्हा आई डाळीच्या भरड्यात तिखट-मीठ घालून वरून तेलाचं कडकडीत मोहन ओतायची. मग तो भरडा मुठीत दाबून हात उघडायची. मुटका जमून राहिला तर मोहन बरोबर, भुसभुशीत सुटला तर अजून पळीभर. मुटका जमला की तो मी उचलून कच्चाच तोंडात टाकायचो आणि धपाटा खायचो. मोहन किती, हे तिला कधी चमच्यात सांगता आलं नाही. आजही येत नाही. मी विचारलं की ती हवेतच मूठ दाबून दाखवते.

तर आईची मूठ म्हणजे मुठीच्या आत मावतं ते. ताईंची मूठ म्हणजे मुठीचा बाहेरचा आकार, आणि तोही शिजलेल्या भाताचा. शब्द एक, मापं दोन, आणि मी तिसरंच काढलेलं.

संध्याकाळी सेल आणला आणि म्हटलं, एकदाचं पाहूनच घेऊ. गंज काठोकाठ भरून परातीत ठेवला, त्यात मनगटापर्यंत मूठ बुडवली आणि सांडलेलं पाणी मोजलं. पाव लिटरच्या थोडं वर भरलं. तेवढ्या जागेत कच्चे तांदूळ घेतले तर दोनशे ग्रॅमच्या वर जातात आणि शिजून अडीच-तीन पट वजनाचे होतात. म्हणजे मी आठ दिवस रोज अर्धा किलोहून जास्त भात पथ्य म्हणून खाल्ला होता.

मग आईचं माप करून पाहिलं. तिचा हिशोब माणसागणिक एक पसा, म्हणजे एका हाताचा खोलगा करून त्यात राहतील तेवढे तांदूळ. माझा पसा साठ ग्रॅम भरला. शिजवला, ताटलीत काढला, शेजारी मूठ ठेवली. जवळजवळ तेवढाच! आत मावलेलं शिजून बाहेरच्या मुठीएवढं झालं होतं. ताई आणि आई एकच सांगत होत्या. आई कुकर लावायच्या आधी आणि ताई नंतर.

याचा मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी पोहेही पशानंच मोजले आणि उपाशी राहिलो. हात जागा मोजतो, वजन नाही. पसाभर पोहे तांदळाच्या निम्मेही भरत नाहीत. ओल्या हाताला मीठ जास्त चिकटतं, हेही त्याच आठवड्यात वरणात कळलं.

हे सगळं आईला सांगायला गेलो. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती तांदळाच्या डब्याशी उभी होती. सांधे धरल्यापासून तिची बोटं नीट जुळत नाहीत, पशातून तांदूळ गळतात. तिनं माझा हात ओढला, डब्यात घातला, भरून वर काढला आणि अंगठ्यानं थोडे दाणे परत खाली पाडले.

"तुझा हात मोठा आहे," ती म्हणाली. "मला एवढा लागत नाही."