आडवं बॅरल, काठीचा फोटो आणि तीन लिटरचा घोळ

गावी ट्रॅक्टरच्या डिझेलचं बॅरल लोखंडी घोडीवर आडवं ठेवलेलं आहे. वरच्या बुचातून काठी बुडवून अण्णा फोटो पाठवतात आणि विचारतात, "किती तेल राहिलंय?" आतला व्यास ५७ सेंमी आणि लांबी ८५, म्हणजे भरलेलं बॅरल साधारण २१७ लिटरचं.

या वेळी काठी १७ सेंमीपर्यंत ओली होती. उंचीच्या सरळ प्रमाणात ६५ लिटर निघतात, पण तळाशी बॅरल अरुंद असल्यामुळे खरा हिशोब ५४.३ येतो. इथपर्यंत शाळेतली भूमिती पुरते. मला वेळ लागला तो ते १७ काढायलाच.

काठीवर ०, १० आणि २० सेंमीला करवतीच्या खाचा आहेत. फोटोत काठीचं खालचं टोक कॅमेऱ्याजवळ होतं, त्यामुळे पहिले १० सेंमी ४०० पिक्सेलचे दिसले आणि पुढचे १० फक्त ३२० चे. ओली रेघ होती ६३१ पिक्सेलवर. दोन टोकांच्या खाचा धरून मोजलं तर १७.५ येत होते, म्हणजे सव्वादोन लिटर जास्त. मधली खाच धरली की हा तिरकेपणा सुटतो. खालचे ४५ आणि ०.०१२५ हे आकडे त्या तीन खाचांवरूनच निघालेत. दर फोटोला ते नव्याने काढावे लागतात.

```python
from math import acos, sqrt
r, L = 28.5, 85   # त्रिज्या आणि लांबी, सेंमी
x = 631   # शून्याच्या खाचेपासून ओल्या रेघेपर्यंत पिक्सेल
t = x / (45 - 0.0125*x)   # तेलाची खोली, सेंमी
d = r - t
V = L*(r*r*acos(d/r) - d*sqrt(r*r - d*d))/1000
```

पडताळा म्हणून अण्णांना मापाने १० लिटर ओतायला सांगितलं. रेघ १९.२ वर जायला हवी होती आणि तिथेच गेली. मी खूश!

दिवाळीला गावी गेलो तेव्हा पाणसळ लावून पाहिली. बॅरल नळाच्या बाजूला २ सेंमी कललेलं होतं, आणि बूच मध्यापासून ३० सेंमी मागे, म्हणजे उंच बाजूला. तिथे खोली ०.७ सेंमी कमी दिसते. म्हणजे त्या दिवशी ५४.३ नव्हे, सुमारे ५७.४ लिटर होते. ओतून घेतलेल्या पडताळ्यात हे कळणारच नव्हतं, कारण चूक आधीच्या आणि नंतरच्या रेघेत सारखीच होती. फरक घेतला की ती उडून जाते.

नळाकडच्या पायाखाली फळी सरकवायला गेलो तर अण्णा म्हणाले, "मग तळातलं तेल नळाला कसं येणार?" बरोबरच होतं. फळी काढली आणि `t` मध्ये ०.७ मिळवले. तेल पार तळाला जाऊन मागची बाजू कोरडी पडली की हा उपाय चालत नाही, पण तोवर अण्णा टाकी भरून आणतातच.