आधी जेवणाचे उत्तर

नौपाडा, ठाणे
१८ नोव्हेंबर, रात्री

गेल्या आठवड्यात समोरच्या आजी दुपारी दाराशी आल्या आणि "जेवलीस का गं?" म्हणाल्या. त्यांच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी पाहून मी ताबडतोब विचारले, "हो, जेवले. बोला ना, काय काम होतं?" मी तत्परतेने मदतीला उभी राहिले, असे मला वाटले. त्यांनी मात्र पिशवी पदराआड घेतली आणि "काही नाही, सहज आले होते," असे म्हणून त्या माघारी गेल्या.

तो पदर मला आठवडाभर आठवत राहिला. जेवणाची चौकशी करून त्या शेजारीण म्हणून आल्या होत्या, मी "काय काम?" विचारले आणि त्या एका शब्दाने त्यांना गरजू करून टाकले.

आज त्या पुन्हा आल्या आणि त्यांनी तेच विचारले. या वेळी मी त्या प्रश्नाचेच उत्तर दिले. "हो आजी, आत्ताच पानावरून उठले. वालाचं बिरडं केलं होतं. तुमचं झालं का?"

"कडवे वाल ना? मग सोलायला मला हाक मारायचीस," त्या आत येत म्हणाल्या. मी त्यांना काही देऊ करण्यापूर्वी त्यांनीच मला मदत देऊ केली होती. बिरड्याचे नाव घेतले नसते, केवळ "हो, झालं" म्हटले असते, तर त्यांना हे बोलायला जागाच मिळाली नसती. स्वतःच्या जेवणाबद्दल मात्र त्या एवढेच म्हणाल्या, "माझं काय, सकाळची पोळी होती." आपल्याकडे "माझं काय" असे उत्तर आले की पुढचे न विचारता पान वाढावे. मी वाटीभर बिरडे आणि भात त्यांच्यापुढे ठेवला.

चार घास झाल्यावर पिशवी आपोआप उघडली. यजमानांच्या रेल्वेतील नोकरीमुळे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा होता, आणि बँकेतल्या यंत्रावर त्यांच्या झिजलेल्या बोटांचे ठसे तीनदा जुळले नव्हते. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला, जणू दोष बोटांचा नसून त्यांचाच होता.

चेहरा दाखवूनही हा दाखला काढता येतो. मी मोबाइलवर 'जीवन प्रमाण' उघडले आणि त्यांचा आधार क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक व खाते क्रमांक भरला. पहिल्यांदा चेहरा टिपला गेला नाही, कारण खिडकी त्यांच्या पाठीशी होती. त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवले, पापण्या मिटून उघडायला सांगितले आणि काम झाले.

निघताना त्यांनी वाटी विसळून पालथी घातली. "वाल आज भिजत घाल," त्या म्हणाल्या, "मोड आले की सोलायला येते."